‘आणि’पासून सुरू झालेलं कीर्तन

‘‘आणि राणीनं कट्यार उपसली, अन् नावेच्या दोरावर पहिला घाव घातला!’’

एवढं म्हणून मी चिपळ्या वाजवल्या, उजवा पाय पुढे टाकला आणि मृदंगाच्या थापेची वाट पाहिली. थाप आली नाही. माझा मृदंग्या वडिलांच्या वेळेपासून आमच्या साथीला आहे. डुलकी लागली तरी त्याची सम चुकत नाही. तो माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होता, की मी नकळत धोतराचा सोगा चाचपून घेतला. सोगा जागेवर होता.

‘‘बुवा,’’ चामड्यावर हात ठेवून तो पुटपुटला, ‘‘पहिला दिवस राहिला.’’

ही राणीची गोष्ट दोन दिवसांची आहे. पहिल्या दिवशी राजाचा वंश, नगरीचं वर्णन, राणीचं आजारपण आणि एका जोग्याला दिलेला शब्द. आणि शेवटी राणी कट्यारीवर हात ठेवते तिथं आरती. दुसऱ्या दिवशी ‘आणि’ म्हणून तिथूनच उचलायचं, ही आमच्या घराण्याची रीत. पहिला दिवस मी आदल्या दिवशी सांगितला होता, पण शुक्रवार पेठेतल्या देवीच्या देवळात. दुसराही तिथंच, त्या दिवशी दुपारी व्हायचा, पण गुरवाच्या घरी सुतक आलं आणि कीर्तन राहिलं. दुसरा दिवस सबंध सकाळ माझ्या तोंडात घोळत होता. तो तसाच घेऊन मी संध्याकाळी नारायण पेठेतल्या विष्णूच्या देवळात उभा राहिलो होतो. आणि इथल्या मंडळींनी राणीचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं.

थांबून ‘चुकलं’ म्हणता आलं असतं. पण हरिदासानं पुण्यात एकदा ‘चुकलं’ म्हटलं, की ते आरतीच्या आधी कसब्यात पोचतं आणि प्रसादाच्या आधी पर्वतीवर. शिवाय समोर, पहिल्या खांबाला टेकून, देवळाचे कारभारी बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात तांबड्या फडक्यात गुंडाळलेला नारळ होता.

त्या नारळाचं सांगायला हवं. या देवळातला चैत्राचा उत्सव एका सरदार घराण्याच्या बाईसाहेबांकडे होता. पहिल्या दिवसाचं कीर्तन आटोपलं की पुढच्या सालचा नारळ त्या ज्याला देतील, त्याची जागा कायम. जागेबरोबर देवळामागच्या दोन खोल्या. त्या खोल्यांत माझा जन्म झाला, माझ्या मुलांचा झाला, आणि माझे वडील त्याच खोल्यांत वंशावळी पाठ म्हणत म्हातारे झाले. नारळ दुसऱ्याला गेला तर मला बायकामुलं घेऊन वाघोलीला थोरल्या भावाकडे जावं लागणार होतं. त्यानं गोठ्याशेजारची पडवी झाडून ठेवल्याचा निरोपही पाठवला होता. भाऊ मनाचा मोठा आहे. निरोपात म्हशी शांत आहेत असंही होतं.

आणि दुसरा कोण, तेही स्पष्ट होतं. साताऱ्याकडून आलेले एक तरुण बुवा कारभाऱ्यांच्या शेजारीच बसले होते. अंगावर नवं उपरणं होतं. ते माझ्याकडे फार आदरानं पाहत होते. जागा रिकामी व्हायची असली की माणसं अशी पाहतात.

सकाळीच कारभारी मला अंगणात भेटले होते. ‘‘बुवा, आपलं कीर्तन उत्तम होतं असं लोक सांगतात,’’ ते म्हणाले. ‘‘एखादे वेळी जागा राहिलो, तर मीही सांगेन.’’

माझी बायको तर त्याहून व्यवहारी. तिनं मांडणीवरची भांडी उतरवून पेटाऱ्यात भरायला घेतली होती.

‘‘अगं, अजून काही झालेलं नाही!’’ मी म्हटलं.

‘‘तेच म्हणते. मागाहून घाई नको. तुमच्या राजाचे पणजोबा गादीवर बसेपर्यंत माझी तांब्याची भांडी भरून होतील, आजोबा बसेपर्यंत पितळेची.’’

तर हा घाव मी घातला तेव्हा माझ्यामागे दोन खोल्या होत्या आणि पुढे म्हशी.

मृदंग्याला मी डोळ्यांनीच म्हटलं, वाजव. त्यानं वाजवलं. राणीचा हात वर गेला आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मंडपात अडकित्ता वाजत नव्हता.

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पुण्याचा श्रोता कंटाळला म्हणून उठून जात नाही. उठून जाणं हा कीर्तनकाराचा अपमान. तो त्याला करायचा नसतो. तो बसून राहतो, पानाचा डबा उघडतो आणि तुम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं सुपारी कातरतो. माझ्या कीर्तनात वंशावळीच्या वेळी इतके अडकित्ते चालत, की एकदा मृदंग्यानं त्यांच्यावरच ठेका धरला होता आणि तो बरा लागला होता. त्या दिवशीही गोष्टीआधीच्या निरूपणात, सबंध पूर्वरंगभर ते चाललेच होते. मधे माझ्या कपाळाला बुक्का लावला, गळ्यात हार घातला, तोवर चाललेच होते. ते ‘आणि’वर थांबले.

पण थांबले म्हणजे नेमकं काय, हे त्या घटकेला मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की शे-पन्नास माणसं तोंड उघडं ठेवून माझ्या मुठीतल्या कट्यारीकडे पाहताहेत, आणि ही कट्यार कुणाची, नावेत कोण, ही बाई कोण, यांतलं त्यांना काही माहीत नाही.

दोर आत्ताच तुटला तर नाव जाईल, आणि नाव गेली की मागचं सांगायला मला जागा उरणार नाही. म्हणून मी तिथल्या तिथं दोर जाड केला. काल शुक्रवारात तो साधा दोर होता, एका घावात गेला असता. नारायण पेठेत तो तीन पेडांचा झाला.

‘‘पहिला पेड चरचरला,’’ मी म्हटलं. ‘‘कट्यार तिच्या हाताला सवयीची नव्हती. रोज दिवेलागणीला ती नवऱ्याच्या कमरेची सोडून उशाशी ठेवायची, तेवढीच काय ती ओळख. आज ती म्यानातून बाहेर काढलेली पहिल्यांदाच पाहत होती.’’

आणि घाव घातला. पेड तुटला.

बायकांच्या बाजूला कुणीतरी ‘‘अगं बाई!’’ म्हटलं. का म्हटलं ते मला लगेच उमजलं. एका वाक्यात त्यांना कळलं होतं, की ही कुणा शूराची बायको आहे, कट्यार त्याची आहे आणि तो जवळ नाही किंवा फारच जवळ आहे. यासाठी मला आदल्या दिवशी लग्न लावावं लागलं होतं, वरात काढावी लागली होती आणि पंगतीत वाढलेले जिन्नस मोजावे लागले होते. कुणी ‘अगं बाई’ म्हटलं नव्हतं.

आता नावेत कोण, हे सांगायला हवं होतं. ‘नावेत राजा होता’ असं मीच सांगितलं असतं तर झालं असतं. पण मग ‘कोणता राजा’ आलं आणि मला माझा स्वभाव ठाऊक आहे. म्हणून मी ते काम दुसऱ्याला दिलं. आवाज ऐकून नावाडी जागा झाला. कालच्या आख्यानात नावाडी नव्हता. त्याचा आवाज मी आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या वारज्याच्या माणसाचा लावला, कारण घाईत तोच सापडला.

‘‘बाईसाहेब, ह्ये काय चाललंय? नावंत कोन हाय?’’

‘‘माझा धनी आहे. झोपलाय.’’

‘‘मंग उठवा की त्यास्नी!’’

‘‘उठला तर मरेल.’’

‘‘आन् न्हाई उठला तर बुडंल की!’’

मंडप हसला. हसता हसता पुढे सरकला. कारभारी खांबाला टेकले होते, ते खांब सोडून बसले. मी तेवढ्यात चिपळ्यांवर एक फेरा घेऊन श्वास घेतला आणि मृदंग्याकडे पाहिलं. तो आता पुढचं ऐकायला बसला होता. त्याला सगळी गोष्ट पाठ होती, तरी बसला होता.

‘‘राणीनं वाकून पाहिलं,’’ मी सांगू लागलो. ‘‘राजाच्या उशाशी चांदीची वाटी कलंडली होती. पाण्याच्या हेलकाव्यानं नावेत इकडून तिकडे घरंगळत होती. वाटीला दुधाचा वास होता. आणि दुधाखाली अफूच्या बोंडांचा.’’

मी दुसरा पेड कापायला घेतला. राजाला झोपवणारीही हीच आणि वाहवत सोडणारीही हीच, हे लोकांच्या ध्यानात आलं. बायकांची बाजू दोन्ही बाजूंनी बोलू लागली. एकीनं म्हटलं, ‘‘कसली कैदाशीण!’’ दुसरीनं तिला गप्प केलं, ‘‘ऐक तर! उठला तर मरेल म्हणाली ना?’’ ही दुसरी माझी बायको होती. घरात तिनं माझी बाजू अशी कधी घेतलेली मला आठवत नाही. अर्थात तिनं ती राणीची घेतली होती.

दुसरा पेड तुटला. आणि इथं मला लोभ सुटला.

इतकं छान चाललं होतं, सगळे ऐकत होते. वाटलं, एरवी कुणी ऐकत नाही ते आता ऐकवून घ्यावं. वडील नेहमी म्हणायचे, वंश सांगितल्याखेरीज राजाला राजा कोण म्हणेल? मी राणीची कट्यार हवेत अधांतरी धरली, आवाज वडिलांसारखा लावला आणि म्हटलं, ‘‘हा राजा कोण? तर याचे आजोबा, ज्यांनी पूर्व दिशेला...’’

कट्.

एकच आवाज. चिकाच्या पडद्यामागून आला. तिथं बाईसाहेब बसल्या होत्या. त्यांचा अडकित्ता पितळी होता आणि त्याचा आवाज मी अंधारातही ओळखला असता, कारण गेली दोन सालं माझं कीर्तन मुख्यतः त्यांच्या अडकित्त्याच्या साथीनंच झालं होतं. तो वाजला आणि पाठोपाठ मंडपात इतर डबेही उघडू लागले. तरुण बुवांनी नव्या उपरण्याची घडी सारखी केली.

‘‘...ते आजोबा असोत,’’ मी म्हटलं, आणि आजोबांना पूर्व दिशेलाच सोडून नदीवर परत आलो.

मंडळी आली परत. पण मला एक समजलं. आजोबांमध्ये काही वाईट नव्हतं. राणीचा हात वर अडकलेला असताना मी त्यांना आणलं, हे वाईट. मंडपातल्या कुणालाही त्या क्षणी आजोबा नको होते. त्यांना हवं होतं, उठला तर का मरेल. लोक जे मागत होते तेवढंच त्यांच्या पानात पडायला हवं होतं. मी मात्र सवयीनं, वरण मागितलेल्याला मीठ वाढत होतो.

मग मी नावाड्यालाच विचारायला लावलं. त्यानं पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं.

‘‘बाईसाहेब, ती आग कसली हाय पल्याड?’’

‘‘जोग्याची धुनी आहे. सूर्य उगवताना तो या घाटावर येणार. त्यानं राजाचं मस्तक मागितलंय.’’

‘‘मागितलं म्हणून कुनी देतं व्हय?’’

‘‘यानं शब्द दिलाय. आणि हा शब्द मोडायचा नाही. म्हणून मी त्याला घाटावर राहूच देत नाही.’’

राणीच्या तोंडून हे जाताच बायकांच्या बाजूला एक उसासा झाला. कैदाशीण म्हणालेल्या बाईंनी ‘‘बिचारी!’’ म्हटलं आणि जणू त्या पहिल्यापासून तेच म्हणत होत्या अशा थाटात आजूबाजूला पाहिलं.

आता तिसरा पेड. कट्यार टेकवली, आणि त्याच वेळी मला शेवट आठवला. या आख्यानाचा शेवट असा आहे, की वाहत गेलेली नाव पहाटे फिरून त्याच घाटाला लागते. नदी तिथं एका बेटाला वळसा घालते, तिचं पाणी मागं फिरतं. हे मी पहिल्या दिवशी नगरवर्णनात सांगून ठेवतो. राजवाड्याचे सज्जे आणि बाजारातले जिन्नस यांच्या मधोमध. आज नगरवर्णन झालेलंच नव्हतं. नाव परत आल्यावर मी ‘ही नदी वळसा घालते बरं का’ म्हटलं असतं, तर पुण्यात कुणीतरी नक्की म्हणालं असतं, ‘‘आत्ता आठवलं का बुवांना?’’

ते आधी सांगणं भाग होतं, आणि सांगतोय असं दिसता कामा नये. नावाडी पुन्हा कामाला आला. मी त्याला राणीच्या पायाशी बसवला.

‘‘दोर कापू नगा, बाईसाहेब! माजी येकुलती येक नाव हाय. आन् उपेग बी न्हाई त्याचा. ह्ये पानी लई वंगाळ. बेटापाशी गेलं की मागारी फिरतंय. काल टाकल्यालं लाकूड सकाळी माज्याच पायरीला लागतंय.’’

लोकांना वाटलं, बिचारा नावेसाठी रडतोय. कुणी हसलं, कुणी चुकचुकलं. नदीचा वळसा त्यांच्या पदरात पडला आणि त्यांना पत्ता लागला नाही. राणीलाही लागला नाही. ती घाईत होती. तिनं तिसरा पेड कापला.

मृदंग्यानं अशी थाप दिली की समईची वात हलली. मी नाव सुटल्याचा कटाव घेतला. पाणी, अंधार, भोवरे, वाहत्या फांद्या, असं सगळं एका दमात. हा कटाव मला उत्तम येतो, आणि एरवी तो म्हणायची वेळ येईपर्यंत ऐकायला फक्त गुरव जागा असतो.

कटाव संपला तेव्हा नाव दिसेनाशी झाली होती आणि राणी एकटी काठावर उभी होती. एक गोष्ट सांगायची अजून बाकी होती. राजानं असा शब्द का दिला? ती मी मुद्दाम मागं ठेवली, असं नंतर कुणी विचारलं तेव्हा मी सांगितलं. खरं म्हणजे ती माझ्या ध्यानातून गेली होती. राणीनं रिकाम्या हातांचं काय करावं हे मला सुचेना, म्हणून मी तिचा हात गळ्याशी नेला. तिथं हात नेला आणि मला गंडा आठवला.

‘‘गळ्यात काळा गंडा होता,’’ मी म्हटलं, हळू, कारण दम लागला होता. ‘‘गेल्या साली ती मरणाला टेकली, तेव्हा त्या जोग्यानंच तो बांधला होता. ती उठून बसली. राजानं विचारलं, याचं काय देऊ? जोगी म्हणाला, वर्ष सरलं की मागेन. राजानं ‘काय मागशील’ हे विचारलंसुद्धा नाही.’’

बस्स, एवढंच. आदल्या दिवशी यासाठी मला वैद्य आणावे लागले होते, काढे उकळावे लागले होते, आणि राणीच्या उशाशी राजाला तीन पदं म्हणावी लागली होती.

राजा मरायला निघाला होता तो हिच्याच जिवापायी, हे सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं. चिकाच्या पडद्यामागून नाक ओढल्याचा आवाज आला. तपकीर असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण बाईसाहेब तपकीर ओढत नाहीत.

पुढचं सोपं होतं. पहाट झाली, जोगी घाटावर आला, आणि बेटाला वळसा घालून नाव पायरीला लागली. लागताक्षणी पुरुषांच्या बाजूनं एक म्हातारे गृहस्थ ओरडले, ‘‘नावाडी सांगत होता!’’ आणि ही आपलीच कामगिरी असल्यासारखे ते शेजाऱ्यांकडे पाहू लागले. मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. राजा डोळे चोळत उतरला, मान पुढे केली. राणी मधे पडली. जोगी म्हणाला, ‘‘बाई, मी मस्तक मागितलं, कापून कुठं मागितलं? याची मान आजवर कुणापुढे वाकली नाही. ती एकदा देवापुढे टेकावी, एवढंच माझं मागणं.’’ राजानं मस्तक पायरीवर टेकवलं. मी हेही सांगितलं, की नावाड्याला नवा दोर मिळाला. हे कालच्या आख्यानात नाही. पण वारज्याच्या त्या माणसाचं नुकसान मला बघवेना.

आरती झाली. कारभारी नारळ घेऊन पडद्यापाशी उभे राहिले. मला बोलावणं आलं, तरुण बुवांनाही आलं. बायको खांबाआड उभी होती. पेटाऱ्याची किल्ली तिच्या मुठीत होती.

‘‘बुवा,’’ पडद्याआडून बाईसाहेब म्हणाल्या, ‘‘आज पहिला दिवस ना?’’

‘‘होय बाईसाहेब.’’

‘‘आमच्या घरची स्वयंपाकीण काल शुक्रवारात कीर्तनाला गेली होती. राजाच्या बारशापर्यंत बसली, मग स्वयंपाकाचं निमित्त काढून उठून आली. आज म्हणे तीच गोष्ट. ती आत्ता इथं उभी राहून रडत होती. आम्हांला पाणीसुद्धा विचारलं नाही तिनं. हे कसं?’’

खोटं सुचलं असतं तर बोललो असतो. ‘‘बाईसाहेब, आज चुकून पुढून सुरू झालं.’’

मृदंग्या माझ्यामागे खाकरला. कारभाऱ्यांनी हातातला नारळ उगीच फिरवला. त्याचा रोख तरुण बुवांकडे झाला असं मला वाटलं. तरुण बुवांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी उपरणं पसरायला घेतलं.

‘‘चुकून,’’ बाईसाहेब म्हणाल्या. ‘‘म्हणजे उद्या पुन्हा वंश सांगाल.’’

वडिलांकडून आलेलं सोडतो म्हणावं तर जीभ उचलत नव्हती. सोडत नाही म्हणावं तर वाघोली.

‘‘आणि ते आजोबा?’’ त्यांनी एकदम विचारलं.

‘‘कोण आजोबा?’’

‘‘राजाचे! पूर्व दिशेला काहीतरी करत होते. ‘असोत’ म्हणून तिथंच टाकलंत त्यांना. भल्या घरचा म्हातारा माणूस असा वाटेत टाकतात का? मघापासून आमच्या डोक्यातून जाईनात.’’

मी कारभाऱ्यांकडे पाहिलं. नारळ अजून त्यांच्याच हातात होता. आजोबांची हकिकत मला तोंडपाठ होती: मूळ पुरुष, त्याचे पुत्र, पुत्रांचे पुत्र, त्यांतले थोरले, थोरल्यांची मोहीम. जिभेवर ‘मूळ पुरुष’ आलाही होता. तेवढ्यात पडद्याआड पितळेची बारीकशी किणकिण झाली. अडकित्ता उघडला होता. अजून वाजला नव्हता, नुसता उघडून धरला होता.

मूळ पुरुष मी गिळला.

‘‘आणि बाईसाहेब,’’ मी म्हटलं, ‘‘आजोबा हत्तीवरून खाली पडले.’’

मागं मृदंग्यानं श्वास रोखला. वडिलांकडून आलेल्या आख्यानात आजोबा कधीच हत्तीवरून पडत नाहीत. हत्तीच नाही त्यात.

‘‘अगं बाई!’’ पडद्याआडून आलं. मग, ‘‘आणि?’’

कारभाऱ्यांना आतून काही खूण झाली असावी. त्यांनी माझ्या उपरण्यात नारळ टाकला तो मी पाहिलाही नाही. वजन आल्यावर कळलं. खांबाआड किल्ली कमरेला खोचल्याचा आवाज झाला. तरुण बुवांचं उपरणं पसरलेलंच राहिलं होतं, पण ते तसेच दोन पावलं पुढे सरकले आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागले.

‘‘आणि,’’ मी म्हटलं. तो हत्ती कुणाचा होता, ते मलाही अजून ठाऊक नव्हतं.